फोटोतल्या भूकंपलेखावर बारीक थरथर कुठे संपते आणि मोठे झोके कुठे सुरू होतात?

प्रश्न: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एका जुन्या भूकंपलेखाचा फोटो मिळाला आहे. नोंद पुण्याची, फोटोग्राफिक कागदावरची आहे. कोपऱ्यात 'उत्तर-दक्षिण' असं लिहिलं आहे आणि मागे पेन्सिलीने 'कोयना, एच १२ ०३ ०२' असं आहे. आधी बारीक थरथर दिसते, मग मोठे झोके. सगळ्यात उंच टोकावर मी 'दुसरी लहर' अशी खूण केली. बरोबर आहे का? आणि मुलांना ही हद्द नेमकी कशी दाखवू?

उत्तर:

भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी लहर म्हणजे पी आणि तिच्या मागून येणारी दुसरी लहर म्हणजे एस. पहिली खूण, म्हणजे जिथे तुम्ही 'पी' लिहिलं आहे, ती बरोबर आहे. दुसरी मात्र साधारण साडेचार सेकंद उशिरा पडली आहे. एस लहर तुमच्या खुणेच्या डावीकडे, मोठे झोके पूर्ण उंचीला पोचण्याच्या बऱ्याच आधी सुरू झालेली आहे. हे कसं कळलं ते तुमच्याच फोटोवर सांगतो. आयुष्यातली तीस वर्षं असेच कागद दिव्याखाली धरून वाचण्यात गेली, आणि नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात नेमकी हीच खूण चुकतो.

फोटोग्राफिक कागदावर लेखणी नसते, शाई नसते. अंधाऱ्या खोलीत ढोल फिरत असतो, त्याला फोटोचा कागद गुंडाळलेला असतो आणि भूकंपमापकाच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका त्या कागदावर पडत असतो. जमीन हलली की ठिपका हलतो. चोवीस तासांनी कागद उतरवायचा, रसायनात धुवायचा, वाळवायचा, आणि मग काळी रेघ दिसते. पुण्याचं केंद्र १९६० च्या दशकात जगभर बसवलेल्या एकसारख्या उपकरणांच्या जाळ्यात होतं. त्यातल्या जलद ढोलावर कागद मिनिटाला ६० मिलिमीटर सरकायचा, म्हणजे एका सेकंदाला एक मिलिमीटर. एक फेरी पंधरा मिनिटांची, म्हणून दिवसभरात एकाखाली एक ९६ रेघा. तुमचा कागद त्याच जातीचा दिसतो.

सेकंदाला एक मिलिमीटर हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण कागदावर काय दिसणार आणि काय दिसणार नाही ते त्यावर ठरतं. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या लहान भूकंपाची पी लहर सेकंदाला चार-पाच वेळा, कधी त्याहून जास्त वेळा हलते. म्हणजे एका मिलिमीटरच्या आत चार-पाच चढउतार. ठिपक्याची जाडीच तेवढी असते, तेव्हा ते चढउतार सुटे दिसणं शक्यच नसतं. रेघ नुसती जाड होते, तिला लव आल्यासारखी वाटते. एस लहर त्यामानाने संथ असते, सेकंदाला दीड-दोन झोके. ते झोके कागदावर सुटे होतात, त्यांना दात दिसू लागतात. माझ्या गुरूंनी मला भिंग हातात देऊन सांगितलं होतं, 'लव संपून दात कुठे सुरू होतात ते बघ, उंची बघू नकोस.' तुमच्या प्रश्नाचं मर्म हेच आहे. दोन लहरींमधला फरक लहान-मोठेपणात शोधायचा नाही, रेघेचा पोत कुठे बदलतो ते शोधायचं.

लहान-मोठेपणा खोटा नाही. भूकंप म्हणजे खडकाचे दोन भाग एकमेकांवरून घसरणं, आणि अशा घसरणीतून बाजूला हलवणारी एस लहर पुढे-मागे ढकलणाऱ्या पी लहरीपेक्षा बरीच जोरदार निघते. गणिताने सुमारे पाचपट. पण हे पाचपट सगळ्या दिशांना सारखं नसतं. एखाद्या दिशेला पी जवळजवळ नाहीशी होते, दुसऱ्या एखाद्या दिशेला एस दबते. शिवाय एस आली की पहिल्याच झोक्याला तिची कमाल उंची गाठली जात नाही. तिच्या मागोमाग पृथ्वीच्या कवचात वरखाली आपटून आलेल्या, वाकडी वाट करून आलेल्या लहरी येऊन मिळतात आणि झोके दोन, तीन, पाच सेकंद वाढतच जातात. सगळ्यात उंच टोक हे अशा गर्दीचं टोक असतं. एसचं आगमन तिच्या आधीच होऊन गेलेलं असतं. तुमची खूण त्या गर्दीच्या माथ्यावर बसली.

आता फोटो. मोजायला लागण्यापूर्वी फोटो सुलटा आहे ना ते पाहा. हे सांगावं लागतं, कारण जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्मवरून काढलेल्या प्रती उलट्या आणि कधी काळ्यावर पांढऱ्या असतात, आणि मोबाइलवर फोटो आपोआप फिरतो. भूकंप डाव्या बाजूला एकदम सुरू होतो आणि उजवीकडे हळूहळू विरत जातो. हळूहळू सुरू होऊन एकदम थांबलेला भूकंप दिसला तर फोटो उलटा धरला आहे असं खुशाल समजा. तुमचा सुलटा आहे.

मग मिनिटखुणा शोधा. प्रत्येक मिनिटाला ठिपका घड्याळाच्या जोरावर किंचित वर ढकलला जातो आणि दोनेक सेकंदांनी पूर्ववत होतो. रेघेवर एक छोटी पायरी दिसते. पायरीची डावी कड म्हणजे मिनिट सुरू झाल्याचा क्षण. ही पायरी म्हणजेच पी असं समजून बसणारे मी पाहिले आहेत. तसं वाटलं तर वरच्या आणि खालच्या रेघेकडे बघायचं. पंधरा मिनिटांत एक फेरी होत असल्याने मिनिटखुणा एकाखाली एक, उभ्या रांगेत येतात. भूकंप कधी अशी रांग धरत नाही. ही उभी रांग आणखी एका कामाला येते. जोरदार झोक्यांच्या भागात त्या रेघेवरची मिनिटखूण दिसेनाशी होते. तेव्हा दोन रेघा वर आणि दोन रेघा खाली असलेल्या खुणांमधून पट्टीने सरळ रेघ मारायची, ती जिथे छेदते तिथे हरवलेली खूण होती.

कागदावर पट्टी ठेवून मिलिमीटर मोजू नका. धुऊन वाळवलेला कागद सगळीकडे सारखा आकसत नाही, आणि फोटो थोडा जरी तिरका काढला असेल तरी एका टोकाचं मिनिट दुसऱ्या टोकाच्या मिनिटापेक्षा लांब दिसतं. तुमच्याच फोटोत ज्या मिनिटात भूकंप सुरू होतो ते ४१० पिक्सेल रुंद आहे आणि त्याच्या उजवीकडचं ४०२. म्हणून नेहमी ज्या मिनिटात खूण येते त्याच मिनिटाची रुंदी घ्यायची आणि त्रैराशिक मांडायचं. सातवीतल्या मुलालाही जमेल.

तुमच्या फोटोत १२ वाजून ३ मिनिटांची खूण १,१३० व्या पिक्सेलवर आहे आणि १२ वाजून ४ मिनिटांची १,५४० वर. तुम्ही पीची खूण १,२९६ वर केली आहे. १,२९६ मधून १,१३० गेले, राहिले १६६. १६६ ला ४१० ने भागून ६० ने गुणलं की येतात २४.३ सेकंद. म्हणजे पी पोचली १२ वाजून ३ मिनिटं २४.३ सेकंदांनी. ती बरोबर का आहे ते आधी सांगतो, कारण पी चुकली तर पुढचं सगळं चुकतं.

पी शोधायची तर आधी भूकंपाकडे बघायचंच नाही. त्याच्या डावीकडची दोन-तीन मिनिटं बघायची. शांत जमीनही शांत नसते. तुमच्या रेघेवर चार-पाच सेकंदांच्या मंद उंचसखल लाटा आहेत, त्या समुद्राच्या. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की त्याची धडधड पुण्यापर्यंत कागदावर येते आणि मग बारीक पी त्यात बुडते. मधेच एखादी जवळच्या रस्त्यावरच्या ट्रकची लव असते, ती हळू येते आणि हळू जाते. ही नेहमीची रेघ डोळ्यांत भरली की पुढे सरकायचं, आणि जिथे तिचं वळण पहिल्यांदा मोडतं तिथे थांबायचं. तुमच्या फोटोत १,२९६ वर रेघ एकदम जाड झाली आहे आणि ती जाडी पुढे कमी झालेली नाही. सुरुवात टोकदार आहे. अशा ठिकाणी डोळा पाव सेकंदाच्या आत बरोबर पडतो. सुरुवात टोकदार नसेल, थरथर गोंगाटातून हळूहळू वर येत असेल, तर खूण हमखास उशिरा होते, आणि दोन सेकंदांचा उशीर म्हणजे अंतरात सोळा किलोमीटरची तूट.

आता एस. १,२९६ पासून उजवीकडे भिंग सरकवा, मोबाइलवर असेल तर दोन बोटांनी मोठं करा. १,३०० पासून लव आहे. ती जवळजवळ सारख्याच जाडीची राहते, मधे थोडी पातळ होते. १,४०५ च्या आसपास दोन गोष्टी एकाच वेळी होतात. रेघ आधीच्या जाडीच्या पट्ट्याबाहेर खाली झुकते, आणि ती परत येते तेव्हा पहिल्यांदाच वळणाच्या आत पांढरी फट दिसते. ती फट म्हणजे पहिला दात. त्याच्या पुढचे दात मोठे होत जातात आणि १,४३६ ला, जिथे तुमची खूण आहे, सगळ्यात उंच टोक येतं. मी एस १,४०५ वर धरतो. १,४०५ मधून १,१३० गेले, राहिले २७५. ते ४०.२ सेकंद होतात. तुमची खूण ४४.८ सेकंदांवर पडते.

दोन लहरींमधलं अंतर माझ्या वाचनाने १५.९ सेकंद, तुमच्या वाचनाने २०.५ सेकंद. आपल्या भागातल्या बेसॉल्टखालच्या कवचात पी सेकंदाला सुमारे ५.९ किलोमीटर जाते आणि एस सुमारे ३.४. दोन्ही एकाच क्षणी निघतात आणि वाटेत एस मागे पडत जाते. या दोन वेगांवरून एक सोपा नियम निघतो:

अंतर (किलोमीटर) = ८ × (एसची वेळ − पीची वेळ)

माझ्या वाचनाने १२७ किलोमीटर, तुमच्या वाचनाने १६४. पुण्याहून कोयनानगर सरळ रेषेत साधारण १२५ किलोमीटर आहे.

इथे घाई करू नका. १२७ जुळलं म्हणजे निकाल लागला असं मीही तरुणपणी समजायचो. पण कोयनेच्या दक्षिणेला वारणेच्या परिसरातही भूकंप होतात, आणि तो भाग पुण्याहून साधारण १६० किलोमीटरवर येतो. म्हणजे तुमचे १६४ हेही नकाशावर अगदी विश्वासार्ह ठिकाणी जाऊन पडतात. मागे नुसतं 'कोयना' लिहिलं आहे आणि जुन्या टिपणांत त्या सगळ्याच पट्ट्याला कोयना म्हणायची पद्धत होती. नकाशा तुम्हाला पाठिंबा देईल आणि मलाही देईल. म्हणून दुसरी, वेगळ्या वाटेने जाणारी तपासणी हवी, आणि तिची सोय तुमच्या कागदाच्या पाठीवरच आहे.

'एच १२ ०३ ०२' मधलं एच म्हणजे भूकंप जमिनीखाली प्रत्यक्ष घडला तो क्षण. अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र करून तो काढला जातो आणि नंतर कोणीतरी कागदावर टिपून ठेवतं. तुमच्या कागदावर तो १२ वाजून ३ मिनिटं २ सेकंद आहे. आता एसला लागणारा वेळ पीच्या वेळेच्या सुमारे १.७३ पट असतो, हे खडकाच्या स्वभावातून येतं आणि ठिकाणानुसार फारसं बदलत नाही. म्हणजे एस आणि पीमधला फरक हा पीच्या प्रवासवेळेच्या ०.७३ पट. उलट करायचं: फरकाला ०.७३ ने भागलं की पी किती सेकंद वाटेत होती ते मिळतं. माझे १५.९ सेकंद भागिले ०.७३, येतात २१.८. पी पोचली २४.३ ला, म्हणजे निघाली २.५ सेकंदांना. टिपणात आहे ०२. तुमचे २०.५ भागिले ०.७३, येतात २८.१. म्हणजे भूकंप १२ वाजून २ मिनिटं ५६ सेकंदांना झाला असं निघतं, टिपणाच्या तब्बल सहा सेकंद आधी. सहा सेकंदांची चूक करणारं टिपण कोणी कागदामागे लिहीत नाही. निकाल इथे लागला.

या तपासणीला एक अट आहे. दोन लहरींमधला फरक घड्याळ चुकलं तरी चुकत नाही, कारण दोन्ही खुणा त्याच घड्याळाने मोजलेल्या असतात. पण एचशी तुलना करायची तर घड्याळ बरोबर हवं. जुनी वेधशाळेची घड्याळं दिवसाकाठी थोडी पुढे-मागे जायची, रेडिओवरच्या वेळेच्या संकेताशी ती रोज ताडली जायची आणि किती सेकंद मिळवायचे किंवा वजा करायचे ते कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं जायचं. तुमच्या फोटोत तो कोपरा कापला गेला आहे. मूळ कागद हाताशी असेल तर तो बघा. सेकंदभराची दुरुस्ती निघाली तरी वरचा निकाल बदलत नाही, सहा सेकंदांची निघण्याची शक्यता अगदी कमी.

वेळ ग्रिनिचची आहे हेही मुलांना सांगा. १२:०३ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजून ३३ मिनिटं. यावरून एक मोठा घोळ होतो. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप आपल्या वेळेने पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. ग्रिनिचच्या वेळेने तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं झाले होते. त्यामुळे जगभरच्या यादीत तो १० डिसेंबरला सापडतो, आणि ११ तारखेचा कागद काढून 'यात तर काहीच नाही' म्हणणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

तुमची चूक व्हायला आणखी एक कारण आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. तुम्हाला मिळालेला कागद उत्तर-दक्षिण हालचालीचा आहे. कोयना पुण्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. पी लहर ज्या दिशेने येते त्याच दिशेने जमीन पुढे-मागे हलवते, म्हणजे उत्तर-दक्षिण. त्यामुळे या कागदावर पी ठळक येते, तिची थरथर एसच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळते आणि एसचा पहिला झोका त्यात लपतो. एस आडवी हलवते. तिचा आडवा भाग, पूर्व-पश्चिम, तुमच्या कागदावर उतरतच नाही. त्याच भूकंपाचा पूर्व-पश्चिम कागद मिळाला तर चित्र पालटेल: पी जेमतेम दिसेल आणि एस स्वच्छ, टोकदार उभी राहील. उभ्या हालचालीच्या कागदावर आणखी वेगळं, तिथे पी छान आणि एस मऊ. कोयनेचा भूकंप पुण्याच्या पूर्व-पश्चिम कागदावर बघितल्याशिवाय एसची वेळ नक्की करायची नाही, हा आमच्याकडे नियमच होता. प्रदर्शनासाठी तो दुसरा कागद मिळवण्याचा प्रयत्न नक्की करा. दोन्ही कागद मिनिटखुणा जुळवून एकाखाली एक लावले तर मुलांना एसची जागा न सांगता दिसेल.

फोटोग्राफिक कागदाची एक खोड मात्र मुलांना दाखवायलाच हवी, कारण शाईच्या रेघांची सवय असलेला माणूस तिथे हमखास फसतो. ठिपका हळू हलला तर कागदाला भरपूर प्रकाश मिळतो आणि रेघ गडद येते. ठिपका झपाट्याने लांब झोका घेऊ लागला की प्रत्येक जागी तो क्षणभरच असतो आणि रेघ फिकट पडते. भूकंप जोरदार असेल तर मधली रेघ पार नाहीशी होते आणि फक्त वरची-खालची टोकं उरतात, कारण वळताना ठिपका क्षणभर थांबतो. परिणाम उलटा होतो: सगळ्यात जोरदार भाग कागदावर सगळ्यात रिकामा दिसतो! बारीक थरथर गडद, मग एकदम कोरी जागा, मग पुन्हा गडद शेपूट. ती कोरी जागा बघून 'इथे यंत्र बंद पडलं' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. तिथे एस होती. अशा कागदावर एसची सुरुवात म्हणजे जिथे रेघ फिकट व्हायला लागते ती जागा, आणि ती शोधायला फोटो थोडा गडद करून, उजेड कमी करून बघावा. वरच्या-खालच्या आठ-दहा रेघांवर विखुरलेले एकाकी काळे ठिपके दिसले तर ती झोक्यांची टोकं आहेत, डाग नव्हेत.

यासाठी फोटो चांगला हवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकुंचित होऊन येतो आणि आकुंचनात पहिली बळी जाते ती पातळ, फिकट रेघ. नेमकं एसचं तोंड पुसलं जातं. पाठवणाऱ्याला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आणि काढताना कागद सपाट, प्रकाश बाजूने, मोबाइल अगदी वरून. एका मिनिटाला निदान चारशे पिक्सेल मिळाले पाहिजेत. तुमच्या फोटोत ते आहेत म्हणून एवढं वाचता आलं. शंभर पिक्सेलचं मिनिट असतं तर एक पिक्सेल म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त, आणि दात दिसलेच नसते.

ही रीत सगळ्या कागदांना जशीच्या तशी लावू नका. शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत ती बिनघोर चालते. त्यापलीकडे एक सापळा आहे. समजा किल्लारीच्या बाजूचा भूकंप पुण्यात नोंदला गेला. अंतर सुमारे २९० किलोमीटर. एवढ्या अंतरावर सगळ्यात आधी पोचते ती कवचातून सरळ आलेली पी नव्हे. ३५-४० किलोमीटर खोल उतरून, कवचाच्या तळाखालच्या घट्ट खडकातून सेकंदाला आठ किलोमीटरने धावत आलेली दुसरीच पी आधी पोचते. ती अशक्त असते. तिच्यामागून तीन-चार सेकंदांनी सरळ वाटेची पी येते, ती चांगली दणदणीत. कागदावर आधी बारीक, मग मोठं, अगदी तुम्ही विचारलेलं चित्र. आणि नवखा वाचणारा या दुसऱ्या पीला एस म्हणतो. चार सेकंद गुणिले आठ, बत्तीस किलोमीटर, म्हणजे लातूर जिल्ह्यातला भूकंप पुण्याच्या वेशीवर येऊन बसतो. खरी एस त्या कागदावर पहिल्या थरथरीनंतर चाळीसेक सेकंदांनी असते. ओळखण्याची खूण पुन्हा तीच: दुसऱ्या पीची थरथर मोठी झाली तरी लवच राहते, दात फुटत नाहीत.

हजारो किलोमीटरवरच्या भूकंपांचं आणखी वेगळं. तिथे पी आणि एसमध्ये सेकंद नाही, मिनिटं असतात, तीन-साडेतीन हजार किलोमीटरला जवळजवळ पाच मिनिटं. आणि सगळ्यात मोठ्या लाटा एसच्या नसतातच, त्यानंतर येणाऱ्या, जमिनीच्या पृष्ठावरून सरपटत येणाऱ्या पृष्ठीय लहरींच्या असतात, वीस-वीस सेकंदांच्या लांब, गुळगुळीत. तुमच्यासारख्या जलद ढोलाच्या यंत्राला त्या जेमतेम दिसतात. त्यांच्यासाठी लांब झोक्यांचं वेगळं यंत्र आणि मंद ढोल असतो. आठाचा नियम तिथे लावायचा नाही, तिथे प्रवासवेळांचे तक्ते लागतात.

आणि कोयना धरणाच्या आत १९६७ ला नोंदलेला तो प्रसिद्ध त्वरणलेख, जो पुस्तकांतून आणि इंटरनेटवर फिरत असतो, तो या प्रयोगासाठी घेऊ नका. तशी यंत्रं एरवी झोपलेली असतात. जमीन हलली की त्यांना जाग येते आणि मग कागद सुटतो. जाग येईपर्यंतची पहिली थरथर त्या कागदावर नसते, आणि भूकंप इतका जवळ असला की पी आणि एसमध्ये असतातच जेमतेम एक-दोन सेकंद. त्या नोंदीत पी आणि एसची हद्द शोधत बसणं म्हणजे फाडलेल्या पानावरचा मजकूर वाचणं.

मुलांकडून करून घेताना एक करा. फोटोची मोठी छपाई काढा, कुठलीही खूण न करता, आणि प्रत्येकाला वेगवेगळी द्या. एकमेकांची खूण न बघता सगळ्यांनी पी आणि एस लावायची, मग सगळ्यांची सेकंदं फळ्यावर लिहायची. पी बहुतेकांची अर्ध्या सेकंदाच्या आत येईल. एस तीन-चार सेकंदांत पसरेल. मग त्यांना लव आणि दात दाखवा आणि तेच पुन्हा करायला सांगा. पसारा एका सेकंदाच्या आसपास आला की थांबा. त्याच्या खाली या एका कागदावरून आम्हीही जात नव्हतो, एसच्या वेळेपुढे प्रश्नचिन्ह टाकून पूर्व-पश्चिम कागद धुऊन वाळण्याची वाट बघायचो.